'व्हर्च्युअल शॉर्ट'ला मराठीत काय म्हणावं?

मिऱ्याबंदर
रत्नागिरीत डिप्लोमाच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. मराठीतून टिपणं लिहायला घेतली आहेत आणि 'व्हर्च्युअल शॉर्ट'पाशी गाडी अडली आहे, म्हणजे ऑप-अँपचे दोन इनपुट पाय वायरीने जोडलेले नसतानाही एकाच व्होल्टेजवर राहतात ते. पहिल्या खर्ड्यात 'आभासी लघुपथ' लिहून मोकळी झाले होते. गेल्या आठवड्यात प्रात्यक्षिकाला एका मुलाने ७४१ ऑप-अँपच्या दोन आणि तीन नंबरच्या इनपुट पायांमध्ये चक्क वायर जोडली. आउटपुट उणे १३ व्होल्टला जाऊन बसलं, इनपुटला काहीही द्या, हलेना. दुसरा आयसी लावला तर अधिक १३. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, तुम्हीच लिहिलंय ना, दोन्ही पाय लघुपथित असतात म्हणून." मुलगा हुशार आहे, चेष्टा करत नव्हता. 'आभासी' म्हणजे आकृतीत दिसत नाही पण असतो, असा अर्थ त्याने लावला. आता सांगा, चूक त्याची की माझ्या शब्दाची?

भाषाव्रती गुहागर
शब्दाची अजिबात नाही. आठवी-नववीत आरशाच्या धड्यात 'आभासी प्रतिमा' शिकलेल्या मुलाला 'आभासी' कळायलाच हवं. प्रतिमा दिसते, पण पडद्यावर धरता येत नाही. आ + भास्, म्हणजे दिसणं, भासणं. इतका नेमका शब्द घरात असताना 'शॉर्ट' कशाला? वायरमनची भाषा टिपणांत आणू नका.

सोल्डरवाला मालवण
वायरमन मीच. माझ्या भाषेनं कुणाचो फ्यूज उडलो नाय अजून. गुरुजी, आरशामागे हात घातला तर तिथे काही नसतं, बरोबर? पण इथे मीटर लावा. तीन नंबरचा पाय ग्राउंडला आहे आणि दोन नंबरचाही शून्यच दाखवतो, एखाद-दुसरा मिलिव्होल्ट इकडेतिकडे. मग भास कसला? व्होल्टेज खरोखरच सारखं आहे. नाही ती फक्त वायर. तुमचा शब्द जे खरं आहे त्यालाच खोटं म्हणतो.

चिपळूणचा पोरगा
मला वाटतं अर्थ सोपा आहे. आदर्श ऑप-अँप इनपुटला करंटच घेत नाही, म्हणजे दोन पायांमध्ये ओपन आहे, शॉर्ट नाहीच. म्हणून इनव्हर्टिंग अँप्लिफायरचा इनपुट रेझिस्टन्सही अनंत येतो. 'शॉर्ट' शब्दच काढून टाका ना.

डोणीकाठी
पोरा, पहिलं वाक्य बरोबर, दुसरं घसरलं. पायात करंट जात नाही हे खरं, पण सिग्नल देणारा थेट त्या पायाला बांधलेला नाही. मध्ये R1 हा रेझिस्टर आहे, आणि आउटपुटपासून त्याच पायापर्यंत परत Rf.

आमच्या घरामागे विहिरीला रहाट होता, त्याची उपमा घे. वरून पाणी पन्हळीने दगडी डोणीत पडतं आणि डोणीतून दुसऱ्या पन्हळीने बागेत जातं. दुसऱ्या पन्हळीच्या टोकाला एक गडी उभा आहे. त्याला एकच काम: डोणीतली पातळी खुणेवरून हलू द्यायची नाही. वरून जास्त पाणी आलं की तो आपल्या हातातलं टोक आणखी खाली करतो, म्हणजे जेवढं आलं तेवढंच निघून जातं. तो गडी म्हणजे ऑप-अँप, त्याच्या हातातलं टोक म्हणजे आउटपुट, डोण म्हणजे दोन नंबरचा पाय, पहिली पन्हळ R1 आणि दुसरी Rf. गडी स्वतः डोणीतलं थेंबभर पाणी पीत नाही.

आता आकडे घाल. R1 १० किलोओहम, Rf १०० किलोओहम, इनपुट ०.२ व्होल्ट. डोण शून्यावर धरलेली, म्हणून R1 वर पूर्ण ०.२ व्होल्ट पडतात आणि २० मायक्रोअँप करंट येतो. पायात शिरायला वाव नाही, तेव्हा सगळाच्या सगळा Rf मधून जाणार. १०० किलोवर तो २ व्होल्ट पाडतो. एक टोक शून्यावर, म्हणून दुसरं उणे २ वर. `Vout = −(Rf/R1)·Vin`, गेन उणे १०. उणे का, तर गड्याला टोक डोणीच्या खालीच न्यावं लागतं.

आणि सिग्नल देणाऱ्याला काय जाणवलं? ०.२ व्होल्ट दिले, २० मायक्रोअँप गेले. म्हणजे १० किलो. इनपुट रेझिस्टन्स R1 एवढाच, अनंत नव्हे.

मिऱ्याबंदर
काका, डोण मी उचलली, टिपणांत टाकते. मग त्या मुलाची वायर म्हणजे डोणीला भोक?

डोणीकाठी
अगदी. भोक पाडलं तरी पातळी शून्यावरच. गंमत म्हणजे वरून येणारं पाणीही तेवढंच, २० मायक्रोअँप. त्याच्या वायरीनेही इनपुट रेझिस्टन्स १० किलोच मोजला गेला असता! पण पाणी भोकातून जमिनीत गेलं, बागेकडे काहीच नाही. गड्याने टोक कितीही वरखाली केलं तरी डोणीत फरक पडेना. शेवटी आयसीच्या अंगचा जो मिलिव्होल्टभर ऑफसेट असतो, त्याच्या मागे तो एका बाजूला धावत गेला आणि सप्लायला अडला. ऑफसेट प्रत्येक आयसीचा वेगळा, म्हणून तुमचा पहिला उणे १३ आणि दुसरा अधिक १३.

तेव्हा शब्द निवडायचा तर व्होल्टेजपुरता शॉर्ट, करंटपुरता नाही, एवढं त्यात दिसायला हवं. 'आभासी'त ते दिसत नाही. 'लघुपथ'मध्ये तर उलटंच होतं, कारण पथ म्हटला की मुलगा त्यावरून करंट चालवणार.

भाषाव्रती गुहागर
मग 'समविभव' घ्या. संस्कृतात शब्द कमी नाहीत.

सोल्डरवाला मालवण
समविभव म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर सत्यनारायणाची पोथी येता. ह्या कोण बोलतला?

देवगड हापूस
नमस्कार मंडळी. विषय इनपुट रेझिस्टन्सचा निघालाच आहे तर माझं काम करून घेतो. बागेतल्या टाकीची पातळी मोजायला फ्लोटला १०० किलोओहमचा पॉट, म्हणजे फिरवता येणारा रेझिस्टर, जोडलाय. पॉटवर एक व्होल्ट दिलाय. फ्लोट मध्यावर असताना मधल्या टोकावर मीटर ०.५ दाखवतो. ते टोक मॅडमच्या सर्किटसारख्याच सर्किटला दिलं, १० आणि १०० किलो. उणे ५ यायला हवेत. येतात उणे १.४३. तीन आयसी बदलले. दुकानदार म्हणतो माल ओरिजिनल आहे. खारी हवा लागून रेझिस्टर बिघडतात का हो?

चिपळूणचा पोरगा
दादा, ही शब्दचर्चा आहे. 🙂

डोणीकाठी
असू दे रे, विषय तोच आहे. खाऱ्या हवेला दोष देऊ नका. सर्किट जोडलेलं असताना पॉटच्या मधल्या टोकावर मीटर लावून पाहा. ०.५ नाही, ०.१४ दिसेल.

देवगड हापूस
०.१४३. काका, तुम्ही इथे येऊन बघून गेलात काय?

डोणीकाठी
मध्यावरच्या पॉटचे दोन अर्धे, ५०-५० किलो. सिग्नलच्या बाजूने पाहिलं तर ते समांतर पडतात, म्हणजे तुमच्या ०.५ व्होल्टच्या मागे २५ किलो दडलेले आहेत. मीटर एकटा लावला तेव्हा ते कळले नाहीत, कारण डिजिटल मीटर सहसा १० मेगओहमचा असतो, तो ओढतोच किती? पण R1 चं पलीकडचं टोक शून्यावर धरलेलं. ०.५ व्होल्ट २५ आणि १० किलोत वाटले गेले, R1 च्या वाट्याला ०.१४३. ते गुणिले उणे १०, झाले उणे १.४३. आयसी बिचारा हिशेब चोख करतोय. आणि फ्लोट हलला की ते २५ किलोही बदलतात, म्हणजे टाकीचे आकडेही सरळ रेषेत येणार नाहीत.

चिपळूणचा पोरगा
मग R1 १ मेग आणि Rf १० मेग करा. गेन तोच, इनपुट रेझिस्टन्स शंभरपट.

डोणीकाठी
कागदावर झकास. पण आदर्श गडी पाणी पीत नाही, ७४१ पितो. साधारण ८० नॅनोअँप बायस करंट, तो १० मेगमधून गेला की आउटपुटला ०.८ व्होल्ट फुकटचे. टाकी रिकामी असतानाही काटा उचललेला. त्यापेक्षा मध्ये आणखी एक ऑप-अँप बफर म्हणून घाला. पॉटचं टोक त्याच्या अधिक पायाला, आउटपुट थेट उणे पायाला, आणि तिथून R1. तिथे मात्र तुझा 'जवळपास अनंत' खरा ठरतो.

मिऱ्याबंदर
हा हिशेबसुद्धा घेते. पण ही पातळी गडी कधी सोडतो, तेही शब्दात यायला नको का? त्याच मुलाला मी इनपुटला २ व्होल्ट देऊन दोन नंबरच्या पायावर मीटर धरायला लावला. उणे २० हवे होते, सप्लाय १५ चा, आउटपुट उणे १३ ला अडकलं आणि पायावर शून्याऐवजी ०.६४ व्होल्ट आले. आता ना गेन १० ना इनपुट १० किलो. म्हणजे हा शॉर्ट आउटपुटला हलायला जागा आहे तोवरचाच.

सासवणे ते सावंतवाडी
उशिरा आले. 'मानीव' कसा वाटतो? मानीव भाऊ जसा. रक्ताचा नाही, पण व्यवहारात भाऊच, आणि निभावतो तोवरच. सरकारी मराठीत 'मानीव अभिहस्तांतरण' चालतंच. 'मानीव शॉर्ट'.

सोल्डरवाला मालवण
ताई, ह्यो बरो आसा. 'मानलेला शॉर्ट' म्हटलं तर आणखी बरो.

भाषाव्रती गुहागर
'मानीव' चांगला, पण त्याला 'शॉर्ट' जोडून धेडगुजरी का करता? आणि 'मानीव' म्हटलं की आपण मानलं म्हणून झालं, असा अर्थ निघतो. डोणीकाठी म्हणतात त्याप्रमाणे तो गडी घडवून आणतो. मानण्याचा प्रश्न कुठे येतो?

डोणीकाठी
हा मुद्दा खरा आहे. आउटपुट २ व्होल्ट आणि ७४१ चा स्वतःचा गेन दोन लाख धरला, तर त्या आउटपुटसाठी दोन पायांत १० मायक्रोव्होल्टचा फरक लागतोच. गडी तेवढ्याच फरकाकडे बघून काम करतो. तो फरक शून्य आहे असं आपण हिशेबासाठी मानतो. म्हणजे थोडं घडवलेलं, थोडं मानलेलं. मला स्वतःला 'मानीव' चालेल, पण पैजेवर सांगणार नाही.

देवगड हापूस
मानीव अभिहस्तांतरणाचं कुणाला माहीत आहे का? मेव्हण्याची सोसायटी डोंबिवलीला, बिल्डर सही देत नाही. कागद कुठले लागतात?

सासवणे ते सावंतवाडी
वेगळा धागा काढा, सांगते. बफर लावला का?

देवगड हापूस
लावला. उणे ४.९६. मॅडमच्या मुलांना सांगा, तीन आयसी फुकट बदलले म्हणून.

भाषाव्रती गुहागर
एक राहिलं. 'डोण' हा शब्द टिपणांत घालणार असाल तर घाटावरच्या मुलांना कळणार नाही. प्रमाण मराठीत 'दोणी' म्हणा.

सोल्डरवाला मालवण
दोणी? गुरुजी, आमच्या परसात तीन पिढ्या डोणच आसा. घाटावरच्यांका विहीर दाखवा आधी.

मिऱ्याबंदर
डोणच राहील. वरच्या शब्दाचं अजून ठरलेलं नाही, तूर्त 'मानीव शॉर्ट' पेन्सिलीने लिहिलंय.