येळ्ळूरचं वेल्लोर झालं: कॅप्शन किती आणि कशी दुरुस्त करायची?

सीमाभागकन्या: बेळगावजवळच्या ग्रामीण साहित्य संमेलनांतल्या भाषणांची आपोआप आलेली मराठी कॅप्शन तपासतेय. येळ्ळूरचं 'वेल्लोर' होतं, बँकेचं 'बैंक'. पुढे कुणी गावाच्या नावाने शोधलं तर भाषणातली ती जागा सापडायला हवी. सगळीकडे एकच रूप करायचं, की वक्ता बोलला तसंच ठेवायचं?

टिळकवाडी: एकच रूप करा. बेळगावी, बेलगाम, सगळ्याचं बेळगाव. बैंकचं बँक, ट्रैक्टरचं ट्रॅक्टर. 'सगळे बदला' दाबलं की काम झालं. शोधणारा एकच शब्द टाइप करतो.

जुनाटाइपकार: बैंक, ट्रैक्टरबाबत मान्य. ती हिंदी वळणाची रूपं, उच्चार तोच. नावांचं मात्र अजिबात पटत नाही. सरकारी नाव 2014 च्या नोव्हेंबरात बेळगावी झालं. वक्ता परिपत्रक वाचताना मुद्दाम 'बेळगावी' म्हणाला आणि तुम्ही बेळगाव केलंत, तर त्याच्या तोंडी न बोललेला शब्द घातलात. आपल्या भागात ही बारीक गोष्ट नाही. दुसरी रूपं व्हिडिओच्या वर्णनात द्या, शोधाला तिथून मिळतील.

'वेल्लोर'चंही तसंच. आपल्याकडची माणसं उपचाराला खऱ्या वेल्लोरलाही जातात. म्हणून प्रत्येक जागा ऐकूनच बदला.

आणखी एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. 'ॲ' हे एकच अक्षर (U+0972) म्हणून येतं किंवा अ आणि वरची चंद्रकोर मिळून (U+0905 U+0945). पडद्यावर दोन्ही सारखीच, पण साध्या शोधाला ती वेगळी. एका फाइलमध्ये 'ॲडमिशन' सापडतं, दुसरीत नाही, ते यामुळे. हा बदल मात्र डोळे मिटून 'सगळे बदला'ने करा.

निपाणीचा: माझं दुखणं वेगळंच. तंबाखूच्या दरावर बोलताना शेतकरी मधेच कन्नडमध्ये जातात आणि मशीन तिथे मराठीसारखं काहीतरी रचतं. पुसून टाकू?

जुनाटाइपकार: रचलेलं पुसाच, नाहीतर शोधात खोटे शब्द लागतील. पण जागा रिकामी ठेवू नका. कन्नड येणाऱ्याकडून ऐकून घेऊन देवनागरीत लिहा; नाहीच जमलं तर 'कन्नडमध्ये बोलतात' एवढं तरी टाका.

सीमाभागकन्या: सगळं नीट लिहूनही 'खानापूर' शोधल्यावर अर्ध्याच जागा येतात!

जुनाटाइपकार: विभक्तीत 'पू'चा 'पु' होतो, खानापुरात, म्हणून. 'खानाप' एवढंच शोधा. फाइली तुमच्याकडे असतील तर:

```
grep -n 'खानाप[ुू]र' *.srt
```

टिळकवाडी: खानापूरची म्हातारी आजी हे टाइप करणार? 'खानापूरात' लिहा, शोध सोपा होईल.

जुनाटाइपकार: शोधासाठी शुद्धलेखन मोडायचं नाही. हीच कॅप्शन शाळेतली पोरंही वाचतात.

टिळकवाडी: वाचतात खरी, पण आधी त्यांना ते भाषण सापडायला तर हवं!