व्हेरिफाइड सर्टिफिकेट की फुकटचं ऑडिट?

होतकरू: ऑनलाइन कोर्स फुकट ऑडिट करून, म्हणजे सर्टिफिकेटाशिवाय नुसता बघून, नोकरी मिळत नसते. कंपन्यांना व्हेरिफाइड सर्टिफिकेटच लागतं. पैसे भरायचे नसतील तर कोर्सच्या वाटेला जाऊ नका.

चाळणीवाला: बरीच वर्षं डेटा ॲनालिस्ट निवडतोय, म्हणून राहवलं नाही. 'व्हेरिफाइड' म्हणजे फोटो-ओळखपत्रावरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळलं, एवढंच. प्रश्न कोणी सोडवले हे त्यातून कळत नाही. मध्यंतरी एसक्यूएलची भरपूर सर्टिफिकेटं लावलेला एक जण आला. त्याला दोन टेबलं दिली: एका ग्राहकाची उधारीची मर्यादा ५०००, आणि त्याच्याच तीन ऑर्डरी. जॉइन करून मर्यादेची बेरीज काढली तर १५००० येते, का? एका ग्राहकाच्या तीन ओळी झाल्या, एवढंच सांगायचं होतं. तो सिंटॅक्स तपासत बसला. दुसरीनं सगळं ऑडिटवर शिकलेलं, पण तिनं आधी ओळी मोजल्या. तिला घेतलं.

रात्रपाळी: ते ठीक, पण तुमच्यापर्यंत पोचायचं कसं? एचआरची चाळणी आधी लागते. आणि ऑडिटमध्ये बहुतेक ठिकाणी गुणांच्या असाइनमेंट कुलूपबंद असतात. नुसते व्हिडिओ बघून कोणी शिकतं का?

चाळणीवाला: असाइनमेंटचा मुद्दा मान्य. त्यासाठी पैसे भरा, कागदासाठी नको.

वैतागलेली: असाइनमेंटचं कौतुक सांगूच नका! मी पिअर रिव्ह्यूला पाच पानं लिहिली, शेरा आला 'गुड जॉब'. आणि माझ्याकडे तपासायला आलेली फाइल कोरी! पुढे जायला दुसऱ्यांचं तपासावंच लागतं, म्हणून लोक डोळे मिटून पूर्ण गुण देतात.

रात्रपाळी: मीही दिलेत. कामावरून येऊन कोण वाचत बसणार?

वैतागलेली: वा! म्हणजे माझी पाच पानं तुमच्यासारख्यांच्या हाती पडली.

रात्रपाळी: तुम्ही पाच पानं लिहिलीत ही माझी चूक का?

होतकरू: विषय भरकटतोय. माझ्या भावाला सर्टिफिकेटमुळेच बढती मिळाली.

चाळणीवाला: कोणतं?

होतकरू: ॲमेझॉनच्या क्लाउडचं, एडब्ल्यूएसचं.

चाळणीवाला: अहो, ती देखरेखीखाली दिलेली परीक्षा! तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. शिवाय एडब्ल्यूएसच्या भागीदार कंपन्यांना वरच्या श्रेणीसाठी ठरावीक संख्येनं असे प्रमाणित लोक दाखवावे लागतात. तिथे कागदाला भाव आहेच. कोर्स संपवल्याचा कागद वेगळा.

होतकरू: म्हणजे कागदाला भाव आहे. हेच तर म्हणत होतो.

चाळणीवाला: धन्य आहात.

कोडवेडा: हार्वर्डचा सीएस५० हा प्रोग्रामिंगचा कोर्स बघा. सगळे प्रॉब्लेम सेट आणि शेवटचा प्रोजेक्ट केला की त्यांचं स्वतःचं सर्टिफिकेट फुकट मिळतं. एडएक्सचं व्हेरिफाइड हवं तर वेगळे पैसे. कोड तोच!

रात्रपाळी: मग एचआर त्यातलं कोणतं धरतं?

चाळणीवाला: आमच्याकडे कोणतंही. मी तुमचा प्रोजेक्ट उघडतो. एचआरचं त्यांनाच विचारा.

वैतागलेली: आणि प्रोजेक्टही कोर्समधलाच असेल तर? हजारो जणांकडे तोच.

चाळणीवाला: मग एक ओळ बदलायला सांगतो. तिथे कळतं.