प्रति: घामाने पॅडल फिरतं

"मडगावात संध्याकाळी पिकलबॉल खेळतो. घामाने पॅडल हातात फिरतं, कोपरही दुखायला लागलंय. जड घेऊ की हलकं?"

वजनाआधी पॅडलची मूठ बघा. नेहमीसारखं पॅडल धरा आणि बोटांची टोकं व तळवा यांच्या फटीत दुसऱ्या हाताची तर्जनी सरकवा. जेमतेम बसली तर माप बरोबर. शिरतच नसेल तर मूठ बारीक आहे. ती फिरू नये म्हणून तुम्ही आवळून धरता आणि ताण कोपरावर जातो. दोन मापांत अडलात तर बारीकच घ्या. मुठीवर ओव्हरग्रिपची पट्टी गुंडाळली की घेर साधारण १/१६ इंच वाढतो, जाड मूठ कमी करणं मात्र कटकटीचं. गोव्याच्या दमट हवेत ओव्हरग्रिप तशीही लागतेच. घाम शोषणारी घ्या, आणि गुळगुळीत झाली की बदला.

वजन २२० ते २३० ग्रॅम ठेवा. फार हलकं पॅडल जोरदार चेंडूपुढे डगमगतं, हादरा हातात येतो. गाभा पॉलिप्रॉपिलीनचा, १६ मिलिमीटरचा. १३ मिलिमीटरचा गाभा चेंडू जास्त उसळवतो, पण तुमच्या कोपराला तो नको. पृष्ठभागाची चिंता सगळ्यात शेवटी: खरखरीत कार्बनवर फिरकी छान मिळते, पण ती खरखर झिजते. फायबरग्लासवर काही अडणार नाही.