‘थ्रेशोल्ड’ला उंबरठा म्हणावं का?

मीनल: विमानतळावरच्या एका पुस्तिकेचा अनुवाद करतेय. ‘डिस्प्लेस्ड थ्रेशोल्ड’पाशी अडले. ‘विस्थापित उंबरठा’ लिहिलं, तर संपादक म्हणतात, विस्थापित माणसं होतात, उंबरठे नाही. आणि धावपट्टी 27 हे ‘सत्तावीस’ वाचायचं का?

प्रकाश: सत्तावीसच. मुंबईत एवढ्या धावपट्ट्या आहेत हे मात्र माहीत नव्हतं.

देशमुख: नाही हो, ती मोजणी नव्हे. मी टॉवरमध्ये नोकरी केली, आम्ही ‘टू सेवन’ म्हणायचो. होकायंत्रावर पट्टीची दिशा साधारण 270 अंश, त्यातलं शेवटचं शून्य गाळलं. तीच पट्टी दुसऱ्या टोकाकडून 09. उड्डाणाआधी वैमानिक पट्टीवर उभा राहून होकायंत्र बघतो. आकडा जुळला नाही, तर आपण भलत्याच पट्टीवर आलोय हे त्याला तिथेच कळतं. म्हणून मराठीतही ‘दोन-सात’ म्हणा.

अनिरुद्ध: म्हणजे नकाशावरचीच दिशा. मी मुंबईची ताडून पाहिली, बरोबर आली.

देशमुख: मुंबईत नकाशाची उत्तर आणि होकायंत्राची उत्तर जवळपास एकच आहे, म्हणून आली. लंडनजवळच्या स्टॅन्स्टेडला 2009 मध्ये 05/23 पुसून 04/22 रंगवावं लागलं. पट्टी जागची हलली नव्हती, चुंबकीय उत्तर सरकली होती.

शालिनीताई: माझं मत उंबरठ्याला. हा शब्द उंबराच्या लाकडावरून आला असं आमचे आजोबा सांगत. आई म्हणायची, उंबऱ्यावर पाय देऊ नये, ओलांडून आत यावं.

देशमुख: ताई, विमानही तेच करतं! उंबरठ्यावरून सुमारे 50 फुटांवरून जातं आणि चाकं पुढे टेकतात. तिथे पियानोच्या पट्ट्यांसारखे पांढरे पट्टे असतात, त्यांच्या संख्येवरून पट्टीची रुंदी कळते. 45 मीटरला बारा. रात्री उतरणाऱ्याला उंबरठ्याचे दिवे हिरवे दिसतात. पलीकडच्या टोकाचे लाल, म्हणजे पट्टी तिथे संपली.

प्रकाश: हिरवा म्हणजे उतरायची परवानगी ना?

देशमुख: नाही, परवानगी टॉवर देतो. हिरवा फक्त सांगतो की उतरण्याजोगी पट्टी इथून सुरू. आता मीनलताईंचा प्रश्न. वाटेत इमारत किंवा टेकडी आली, तर तिच्यावरून सुरक्षित उंची ठेवता यावी म्हणून उंबरठा पट्टीवर पुढे घेतात. मागे उरलेल्या तुकड्यावर पांढरे बाण काढतात. तिथून उड्डाणाची धाव सुरू करता येते, पण तिथे चाकं टेकवायची नाहीत. रात्री त्या तुकड्याच्या कडेचे दिवे येणाऱ्याला लाल दिसतात.

शालिनीताई: मग ‘सरकवलेला उंबरठा’ लिहा.

अनिरुद्ध: ‘थ्रेशोल्ड’च ठेवा. रेडिओवर कोणी उंबरठा म्हणणार नाही.

देशमुख: रेडिओवर नाही, पण पुस्तिका वाचणारा नवखा असेल तर?

शालिनीताई: उंबराच्या लाकडाबद्दल कोणाला आणखी माहिती आहे का? आमच्याकडे त्याला हुंबरा म्हणतात.