बोअरसाठी मागितलेले पैसे हुंडा ठरतात का? आणि नवऱ्यालाच दोषी गृहीत धरणं कितपत बरोबर?

कोरडवाहू (बीड जिल्हा):
आमच्या गावात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एक सून विष पिऊन गेली. लग्नाला चार वर्षं झाली होती. नवरा आणि सासू दोघांवर भारतीय न्याय संहितेतलं हुंडाबळीचं कलम 80, छळाचं 85 आणि आत्महत्येला प्रवृत्त केल्याचं 108 लागलंय. लग्नात हुंडा ठरला नव्हता, असं दोन्हीकडची माणसं सांगतात. सासरचे बोअर पाडायला दीड लाख मागत होते, एवढंच. मग नवऱ्याने स्वतःला निर्दोष सिद्ध करायचं, हा कुठला न्याय? छळ केला असेल तर छळाची शिक्षा द्या, मृत्यू त्याच्या गळ्यात गृहीत धरून बांधू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

निवृत्त जमादार (धाराशिव):
तीस वर्षं खात्यात काढली, म्हणून सांगतो. सात वर्षांच्या आत सून गेली, मरण नैसर्गिक नाही, की हुंडाबळीचं गृहीतक लागलंच, म्हणजे मरणाला सासरचेच जबाबदार असं कोर्ट धरूनच चालतं. तहसीलदार येऊन पंचनामा करतात ते त्यासाठीच. आणि हे योग्यच आहे. घरात काय घडलं ते घरच्यांनाच माहीत. बाहेरचा साक्षीदार आणायचा कुठून?

वकीलताई (परभणी):
जमादारसाहेब, तुमचं अर्धं बरोबर आहे, पण उरलेल्या अर्ध्यापायीच खटले पडतात. सात वर्षांच्या आतला अनैसर्गिक मृत्यू एवढ्यावर कोर्ट काहीही गृहीत धरत नाही. आणखी दोन गोष्टी सरकार पक्षाला आधी सिद्ध कराव्या लागतात. मृत्यूच्या थोडं आधी तिचा छळ झाला होता ही एक, आणि तो छळ हुंड्याच्या मागणीपायी होता ही दुसरी. हे सगळं पुराव्यात आलं तरच साक्ष्य अधिनियमाचं कलम 118 जागं होतं आणि कोर्टाला गृहीत धरावंच लागतं. तिथे 'धरू शकेल' नाही, 'धरील' आहे.

कोरडवाहू, तुम्ही म्हणता तसं गृहीतक आल्या आल्या नवऱ्याच्या गळ्यात पडत नाही. पण ते छळाच्या कलमाला मुळीच लागू होत नाही, हेही लक्षात घ्या. कलम 85 मध्ये छळ पूर्णपणे सरकार पक्षाने सिद्ध करायचा आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत. 80 मध्ये कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. म्हणून ही दोन कलमं वेगळी ठेवली आहेत. एकातून सुटलेला माणूस दुसऱ्यात दोषी ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1990 सालीच सांगून ठेवलंय.

कोरडवाहू:
ताई, पण बोअरचं काय? शेतकऱ्याचा जावई सासऱ्याकडे पैसे मागतोच की. माझा मेहुणा माझ्याकडून सोयाबीनच्या बियाण्याला पैसे नेतो. तो काय हुंडा झाला?

वकीलताई:
हा तुमचा प्रश्न आपल्याच भागातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलाय. 1991 सालचा मृत्यू, औरंगाबाद जिल्ह्यातलं शेतातलं घर, खटला औरंगाबादच्या सत्र न्यायालयात चालला. सासरचे घरखर्चाला आणि खताला पैसे आण म्हणत होते. 2007 साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, खतासाठी, घरच्या अडचणीसाठी मागितलेले पैसे हा हुंडा नव्हे, कारण त्यांचा लग्नाशी संबंध नाही. नवरा आणि सासू हुंडाबळीतून सुटले. त्यानंतर बचावाच्या वकिलांच्या हातात हा निकाल असायचाच. मीसुद्धा एकदा वापरलाय.

पण 2015 साली पंजाबच्या एका खटल्यात तीन न्यायमूर्तींनी तो निकाल बरोबर नाही असं सांगितलं. तिथे घर बांधायला पैसे मागितले होते. लग्नाआधी, लग्नात किंवा लग्नानंतर कधीही मागितलेले पैसे, ज्यांचा तिच्या मृत्यूशी वाजवी संबंध जोडता येतो, ते लग्नाच्या संबंधातच मागितले असं धरायचं, वस्तुस्थिती स्पष्टपणे उलटं दाखवत नसेल तर. 2022 मध्ये मध्य प्रदेशच्या खटल्यात घराच्या बांधकामाबद्दल तेच झालं. त्यामुळे 'बोअर म्हणजे हुंडा नाही' एवढं म्हणून आज सुटता येणार नाही.

तुमच्या मेहुण्याचं उदाहरण वेगळं आहे. बियाण्याला उसने नेले, सुगीला परत दिले, नाही जमलं तरी बहिणीला कुणी बोट लावलं नाही. तुमच्या गावच्या घरात काय झालं, ते बघावं लागेल. 'पैसे आणल्याशिवाय घरात यायचं नाही' असं म्हटलं का? माहेराहून रिकाम्या हाताने आल्यावर मार झाला का? पैसा कशाला हवा होता यापेक्षा तो मिळाला नाही तेव्हा तिचं काय झालं, यावर खटला ठरतो.

दुधनाकाठ (जालना):
मी या सगळ्यातून गेलोय, म्हणून लिहितो. भावजय गेली तेव्हा माझी आई साठीची होती, चार महिने आत काढले तिने. फिर्यादीत तिच्याबद्दल एकच ओळ होती, 'सासू टोमणे मारायची'. पुण्यात राहणाऱ्या माझ्या बहिणीचंही नाव घातलं होतं. ती दिवाळीलाच यायची. शेवटी सगळे सुटलो, पण आई परत कुणाच्या लग्नाला गेली नाही. गृहीतकाचा निवाडा कोर्टात होईल तेव्हा होईल, जमीन विकायची वेळ आधी येते. मला हे कलम मान्य नाही.

वकीलताई:
दुधनाकाठ, तुमच्या आईचं जे झालं ते चूकच होतं. कायदा काय म्हणतो ते सांगते. ज्याने छळ केला असं दाखवलं गेलं, त्याच्यापुरतंच गृहीतक लागतं. सासरच्या सगळ्यांवर सरसकट पडत नाही. पुण्यातल्या नणंदेवर तारीख, प्रसंग काही न सांगता मोघम आरोप असतील तर न्यायालयं असे खटले रद्द करतात. पण रद्द व्हायला वेळ लागतो आणि तोवर घर मोडतं. हे मी नाकारत नाही.

पाटोदेकर:
माझी बहीण लग्नाला सात वर्षं पाच महिने झाल्यावर गेली. सगळं तेच होतं, दर सुगीला पैशाची मागणी, शेवटी विहीर. पोलिस म्हणाले, मुदत गेली, हुंडाबळी लागत नाही. पाच महिन्यांनी तिचा त्रास कमी झाला होता का? मग आम्ही गप्प बसायचं?

निवृत्त जमादार:
मुदत गेली तर हुंडाबळी नाहीच. ते खरं आहे.

वकीलताई:
हुंडाबळी नाही, पण गप्प बसायचंही काही कारण नाही. पाटोदेकर, छळाच्या 85 ला सात वर्षांची अट नाही. आत्महत्येला प्रवृत्त केल्याच्या 108 ला ती अट नाही आणि हुंड्याचीही नाही. त्यात दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. फक्त साक्ष्य अधिनियमाच्या 117 ची मदत तुम्हाला मिळणार नाही, कारण ती सात वर्षांतल्या आत्महत्येलाच आहे. शिवाय तिथे शब्द 'धरू शकेल' असा आहे, म्हणजे कोर्ट बाकीची परिस्थिती बघून ठरवतं. तुम्हाला चिथावणी किंवा मदत पुराव्याने दाखवावी लागेल. अवघड आहे, अशक्य नाही.

आंध्र प्रदेशातलं एक प्रकरण ध्यानात ठेवण्यासारखं आहे. नवरा गावचा पोस्टमास्तर, बायकोच्या नावाने आलेली पत्रं तिला देतच नव्हता. माहेरने दिलेली जमीन त्याला आपल्या नावावर हवी होती. पत्रं तिच्या हाती लागली, तिने वडिलांना दिली, मग तिला घराबाहेर काढलं आणि तिने विष घेतलं. जमिनीची मागणी हुंड्यात बसली नाही, हुंडाबळी टिकली नाही. प्रवृत्त केल्याचा वेगळा दोषारोप ठेवलेला नव्हता. तरी सगळी हकीकत दोषारोपात आलेली होती, म्हणून 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला प्रवृत्त केल्याच्या कलमाखाली दोषी धरलं. तो मृत्यू सात वर्षांच्या आतला होता, हा तुमच्यातला फरक आहे.

कोरडवाहू:
म्हणजे तिन्ही कलमं लावली ती एकावर एक रचायला नाही, एक पडलं तर दुसरं उरावं म्हणून?

वकीलताई:
हो, पर्याय म्हणून. आता तुमच्या गावचं प्रकरण कोर्टात कुठे अडेल ते सांगते, कारण मी हे दर वर्षी पाहते. समजा, मुलगी पंचमीला माहेरी आली आणि आईला म्हणाली, दीड लाख मागतात, दिले नाहीत म्हणून जेवायला देत नाहीत. वडिलांनी कसेबसे चाळीस हजार जावयाच्या खात्यावर टाकले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती गेली. पंचमी ते पोळा पंचवीस दिवसांच्या आत. 'मृत्यूच्या थोडं आधी' यात हे बसू शकतं, त्याला दिवसांचं माप नाही, छळ आणि मृत्यू यांच्यात जिवंत दुवा हवा.

पण फिर्याद लिहिताना वडील शुद्धीवर नसतात. फिर्यादीत येतं, 'मुलीला सासरचे नेहमी पैशासाठी त्रास द्यायचे.' पंचमी नाही, दीड लाख नाही, बोअर नाही, चाळीस हजार नाहीत. दोन वर्षांनी साक्षीत आई पंचमीचं बोलते आणि उलटतपासात विचारतात, हे पोलिस जबाबात का नाही? ती म्हणते, मी सांगितलं होतं, का लिहिलं नाही ठाऊक नाही. तिथेच गृहीतकाचा पाया ढासळतो. मग मृत्यू राहतो, सात वर्षंही राहतात, पण छळाचा पुरावा मोघम ठरतो आणि 85 सुद्धा जातं.

निवृत्त जमादार:
हे मात्र खरं. 'नेहमी त्रास द्यायचे' हे वाक्य मी कितीतरी वेळा लिहिलंय. सकाळी पीएम, दुपारी फिर्याद, माणसं रडत असतात. कोण विचारत बसतंय, कोणत्या सणाला आली होती. आता वाटतं, विचारायला पाहिजे होतं.

दुधनाकाठ:
जमादारसाहेब, तुम्ही विचारलं असतं तर माझ्या आईची ती एक ओळसुद्धा तपासली गेली असती. कोणत्या दिवशी, काय टोमणा, कुणासमोर. आमच्या बाजूनेही तेच हवं होतं.

गोदावरी (नांदेड):
मी शिक्षिका आहे, कायदा मला कळत नाही, पण कोरडवाहूंना एक विचारते. बाई विष घेते तेव्हा दार आतून लावलेलं असतं. बाहेर नवरा, सासू. तिने काय सोसलं ते फक्त आईला फोनवर सांगितलेलं असतं. गृहीतक काढून टाकलं तर तिच्या बाजूने बोलणार कोण? आणि ते फोनवरचं बोलणं कोर्ट ऐकतं का?

वकीलताई:
ऐकतं. तिच्या मृत्यूच्या कारणाबद्दल, त्या परिस्थितीबद्दल ती बोलली असेल तर ते पुराव्यात येतं. हुंडाबळीतून आरोपी सुटला तर छळाच्या कलमापुरतं तेच बोलणं वापरता येत नाही, असं काही वर्षं म्हटलं जायचं. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बदललं. मृत्यूचं कारण त्या खटल्यात प्रश्नात असेल, तर तिचे शब्द छळासाठीही चालतात.

कोरडवाहू:
दीड लाख आणि बोअर एवढंच मला माहीत होतं, पंचमीचं मी विचारलंच नव्हतं. आज तिच्या बापाकडे गेलो. चाळीस हजार नाही, पंचवीस हजार टाकलेत, पासबुकात नोंद आहे, आषाढातली. फिर्यादीत त्याचा एक शब्द नाही. पुरवणी जबाब आता देता येईल का? नवऱ्याच्या बाजूने बोललो म्हणून तो माणूस माझ्याशी नीट बोललासुद्धा नाही. गृहीतकाबद्दलचं माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही, पण ती नोंद फिर्यादीत असायला हवी होती.

वकीलताई:
दोषारोपपत्र जायच्या आत पुरवणी जबाब द्या, पासबुकाची प्रत जोडा. उशिरा सुचलं म्हणून बचाव त्यावर बोट ठेवील, तरी बँकेची नोंद आधीचीच आहे, ती कुणाला आता तयार करता येत नाही. आषाढ ते पोळा एवढं अंतर 'थोडं आधी' ठरेल की नाही, हे मी आज छातीठोक सांगणार नाही. मधल्या दिवसांत ती काय बोलली, कुणाशी बोलली, ते शोधा.