विशाल निकमबद्दलचा दावा कसा तपासू?

मदत हवी आहे. पंचवटीतल्या आमच्या मंडळाच्या प्रश्नमंजुषेसाठी एकाने वाक्य दिलंय: 'बिग बॉस मराठी जिंकल्यामुळे विशाल निकमला मालिकेत नायकाचं काम मिळालं.' मला ते उलटं वाटतं. 'दख्खनचा राजा जोतिबा' 2020 ची, त्यात तोच जोतिबा. बिग बॉसचा तिसरा सीझन त्याने डिसेंबर 2021 मध्ये जिंकला. 'येड लागलं प्रेमाचं' आली थेट 2024 मध्ये. म्हणजे नायक तो आधीच होता! खरा प्रश्न मधल्या अडीच वर्षांचा आहे. मुलाखतींतल्या 'लवकरच नवी मालिका'वर माझा भरवसा नाही, घोषणा झालेलं सगळंच पडद्यावर येत नाही. त्या काळात त्याला प्रत्यक्ष मालिकेत पाहिलंय का कुणी? भागाच्या श्रेयनामावलीचा फोटो आणि प्रसारणाची तारीख मिळाली तर बरं. पाहुणा म्हणून एखाद-दुसरा भाग असेल तर तसं स्पष्ट लिहा.