'सेट' आणि 'सेटलमेंट', दोन्हींना खचणंच म्हणायचं का?

साइटवाला: ऑफिस सोलापुरात, काम खाडीकाठी. पाइलची, म्हणजे पायासाठी जमिनीत ठोकलेल्या खांबांची, नोंदवही मराठीत करतोय. ठोकतानाच्या रकान्यात मी लिहिलं, 'खचण 22 मिमी'. ऑफिसातल्या साहेबांनी वाचून फोन केला, "12 च्या आत हवं ना? पाइल नापास?" अहो, तो 'सेट' होता, शेवटच्या 10 ठोक्यांत पाइल किती खाली गेली ते! 'सेटलमेंट' वेगळी: भारचाचणीत 90 टनाखाली ती पाइल 7.4 मिमीच गेली. शब्द सुचवा.

मुरूमप्रेमी: मुळात पाइल कशाला? जुळे सोलापुरात आमच्या घराला काळी माती काढून मुरमावर फुटिंग घेतलं. आजवर तडा नाही.

साइटवाला: दादा, घर तुमचं मुरमावर आहे. इथं गाळ आहे.

शब्दवेडी: दोन्हीकडे पाइल खालीच जाते, मग 'खचण' चुकीचं कसं? फार तर 'ठोक्याची खचण' आणि 'भाराची खचण' लिहा.

फोरमनकाका: ताई, खाली जाते हे खरं, पण ठोकताना ती आपण मुद्दाम घालतो. तिथं 'रुतणे' लिहा: 'शेवटच्या 10 ठोक्यांत 22 मिमी रुतली', म्हणजे ठोक्याला 2.2. पुढं घण किती वजनाचा, किती उंचीवरून पडला तेही हवं, नाहीतर त्या 22 ला अर्थ नाही. खचते ती तयार पाइल, वरच्या भारानं. तुमचा 12 चा आकडा तिथला. 60 टन भार घ्यायच्या पाइलवर दीडपट, म्हणजे 90 टन ठेवून 12 च्या आत राहिली तर पास.

साइटवाला: पटलं. 'रिफ्युजल'ला, म्हणजे ठोकूनही पाइल पुढं जात नाही त्याला, काय? कुणीतरी 'नकार' लिहून ठेवलंय. पाइल काय सोयरीक मोडतेय?

शब्दवेडी: 'खडक लागला' लिहा की. सरळ आहे.

फोरमनकाका: ते लिहू नका. खडक कुणी पाहिला? मोठा धोंडा असेल, नाहीतर दाट वाळू असेल. अशा वाळूत तर आज थांबलेली पाइल उद्या परत ठोकली की कधी कधी पुन्हा रुतते. दिसलं तेवढंच लिहावं: 'ठोके चालू, रुतणे थांबले'. आणि थांबत आलेली पाइल एकदम भसकन जायला लागली, तर तेही लिहा. खाली मोडली असण्याची शक्यता असते.

साइटवाला: शेवटचं. भार उतरवल्यावर 7.4 पैकी 5.2 मिमी वर आली, 2.2 खालीच राहिली. मी 'उसळी 5.2' लिहिलंय.

शब्दवेडी: उसळी चेंडूची. 'परत वर आली' पुरे.

फोरमनकाका: रकाना केवढा, ताई! पण 'उसळी'त गोंधळ आहे खरा. प्रत्येक ठोक्यालाही पाइल जराशी वर येते. आम्ही पाइलला कागद चिकटवून पेन्सिलीनं ती रेघ घ्यायचो आणि तिलाच उसळी म्हणायचो.

साइटवाला: म्हणजे पुन्हा एक शब्द, दोन रकाने! सध्या चाचणीत 'परत वर' लिहितो. उरलेल्या 2.2 ला 'कायमची खचण' चालेल?

शब्दवेडी: चालेल. 'परत वर' मात्र अर्धवट वाटतं. बघते अजून.